एका चौकोनात दोन शेवळं सापडली, मग पुढे काय? अडॅप्टिव्ह क्लस्टर सॅम्पलिंगचं एक प्रकरण

जूनमधे पहिले एकदोन चांगले पाऊस झाले की बोरिवली, वसईच्या बाजारात शेवळाच्या जुड्या यायला लागतात. सोबत काकडं पण घ्यावी लागतात, कारण नुसती शेवळं खाल्ली तर घसा खाजतो, हे घरोघरी माहीत असतं. ही जी जुडी आपण घेतो तो शेवळाचा कोवळा कोंब, जमिनीतल्या कंदातून पान यायच्या आधी वर येतो तो. वनस्पतिशास्त्रात याला अमोर्फोफॅलस कम्युटेटस म्हणतात आणि हे पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलंच झाड आहे. जंगलात शोधायला गेलात तर लांबच्या लांब उतार रिकामा सापडतो आणि मग एखाद्या ओलसर सावलीच्या जागी एकदम वीसपंचवीस कोंब.

आता प्रश्न असा की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एखाद्या उतारावर अशी शेवळं एकूण किती आहेत हे कसं काढायचं? हा प्रश्न माझ्याकडे प्राजक्ता घेऊन आली, ती बॉटनीत एमएस्सी करतेय आणि मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो. वन खात्याच्या परवानगीचा अर्ज करायचा होता आणि त्यात पद्धत नीट लिहायची होती. आम्ही ठरवलं की जंगलात पाय ठेवायच्या आधी कागदावर रंगीत तालीम करायची. ग्राफपेपरवर एक खोटं जंगल बनवायचं ज्यात एकूण झाडं किती ते आपल्याला आधीच माहीत आहे, मग त्यावर पद्धत चालवायची आणि बघायचं काय उत्तर येतं. खाली जे आकडे आहेत ते सगळे या कागदी जंगलाचे आहेत, उद्यानाचे नाहीत.

कागदी जंगल असं: ४ हेक्टरचा उतार, त्यावर १० मीटर बाय १० मीटरचे ४०० चौकोन, म्हणजे २० आडव्या ओळी आणि २० उभ्या रांगा. शेवळं एकूण ९९. त्यातली ७२ एकाच मोठ्या पुंजक्यात, तो सहा चौकोनांवर पसरलेला. दुसरा पुंजका तीन चौकोनांचा, त्यात २४. आणि एका एकट्या चौकोनात ३. बाकी ३९० चौकोन साफ रिकामे.

प्राजक्ताचा पहिला विचार साधा होता, जो कोणाचाही असतो. ४० चौकोन रँडम निवडायचे, प्रत्येकात जाऊन मोजायचं, सरासरी काढून ४०० ने गुणायचं. यात चूक काहीच नाही, पद्धत बरोबरच आहे. पण अडचण अशी आहे की ४०० पैकी फक्त १० चौकोनांत शेवळं आहेत, त्यामुळे ४० चौकोन निवडूनही एकही भरलेला चौकोन न लागण्याची शक्यता जवळपास ३४ टक्के आहे. तीनातल्या एका वेळी तुम्ही भर पावसात ४० ठिकाणी फिरून येणार आणि उत्तर शून्य. आणि लागला चौकोन तरी तो कुठला लागतो यावर सगळं अवलंबून. मोठ्या पुंजक्याच्या मधला चौकोन लागला, ज्यात ३१ शेवळं आहेत, तर अंदाज येतो ३१०. त्याच पुंजक्याच्या टोकाचा लागला, ज्यात २ आहेत, तर अंदाज येतो २०. झाडं तीच, उतार तोच, आणि उत्तर २० पण असू शकतं आणि ३१० पण.

तालमीत आम्ही चिठ्ठ्या काढल्या तेव्हा नेमकं हेच झालं. ४० पैकी ३९ रिकामे आणि एकच भरलेला, सातव्या ओळीतला बारावा चौकोन, त्यात २ शेवळं.

"दादा, इथे दोन दिसली म्हणजे बाजूला असणारच ना, मग बाजूला जाऊन बघायचं नाही का?" प्राजक्ताने विचारलं. जंगलात फिरलेला कोणीही हेच विचारेल. साध्या रँडम सॅम्पलिंगमधे याचं उत्तर "नाही" असं आहे, कारण बाजूला जाऊन बघितलं की तुमचा नमुना रँडम राहत नाही. आणि शेजारच्या चौकोनात ११ शेवळं उभी आहेत हे डोळ्यांनी दिसत असताना ती वहीत न लिहिता पुढे निघून जायचं हे फील्डवर काम करणाऱ्या माणसाला पटतच नाही. मला वाटतं ते न पटणं अगदी योग्य आहे, कारण समोर दिसणारी माहिती आपण टाकून देतोय.

स्टॅटिस्टिशियन स्टीव्हन थॉम्पसन यांनी १९९० मधे यावर एक रीत मांडली, तीच अडॅप्टिव्ह क्लस्टर सॅम्पलिंग. बाजूला जायला परवानगी आहे, पण नियमाने जायचं, आणि गणित करताना त्या नियमाचा हिशोब ठेवायचा. नियम दोन. एक, कुठल्या चौकोनामुळे आपण बाजूला वळणार ही अट, आमच्याकडे "निदान एक शेवळ असलं पाहिजे". दोन, बाजू म्हणजे काय, आमच्याकडे वरचा, खालचा, डावा, उजवा असे चार चौकोन, तिरपे नाहीत. हे दोन्ही आधी लिहून ठेवायचं आणि मग बदलायचं नाही.

आता आमच्या त्या २ शेवळांच्या चौकोनापासून चालू करा. वरचा रिकामा, डावा रिकामा, उजव्यात ११, खालच्यात ३. ११ वाला अट पूर्ण करतो म्हणून त्याचेही चार शेजारी बघायचे, ३ वाल्याचेही बघायचे. असं करत करत ३१, १८ आणि ७ हे तीन चौकोन सापडले. सातव्या ओळीत २, ११, ७ आणि आठव्या ओळीत ३, ३१, १८. यांच्या बाहेर सगळीकडे रिकामे चौकोन लागले की थांबायचं. असे बाहेरचे रिकामे चौकोन १० झाले. त्यांना कडेचे चौकोन म्हणायचं, आणि आतले जे सहा भरलेले, जे एकमेकांतून एकमेकांपर्यंत पोचतात, त्यांना मिळून एक नेटवर्क म्हणायचं.

म्हणजे आधीचे ४०, त्यात नेटवर्कचे ५ नवीन आणि कडेचे १०, एकूण ५५ चौकोन बघून झाले आणि ७२ शेवळं मोजून झाली.

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. हातात ५५ चौकोन आहेत, ७२ शेवळं आहेत, मग ७२ भागिले ५५ गुणिले ४००? उत्तर येतं ५२४. खरी संख्या ९९ आहे. पाचपट जास्त! कारण उघड आहे, ते पाच जास्तीचे चौकोन रँडम आलेलेच नाहीत, ते शेवळं आहेत म्हणूनच आले. रिकाम्या चौकोनांना तशी संधी मिळालीच नाही. शेवळं असलेली जागा मुद्दाम शोधून तिची सरासरी सगळ्या उतारावर लावली तर फुगलेलं उत्तर येणारच. अडॅप्टिव्ह पद्धत वापरली असं लिहिलेल्या अहवालात आकडेमोड अशी साधी सरासरी असेल तर तो आकडा घेऊ नका, इतकं सरळ आहे हे.

मग करायचं काय? प्रत्येक सुरुवातीच्या चौकोनाच्या जागी त्याच्या नेटवर्कची सरासरी लिहायची. आमचा एक भरलेला चौकोन २ चा होता, त्याचं नेटवर्क सहा चौकोनांचं आणि ७२ शेवळांचं, म्हणजे सरासरी १२. तर त्या २ च्या जागी १२ लिहा. बाकी ३९ रिकामे, ते प्रत्येकी एका चौकोनाचं नेटवर्क, किंमत शून्य. आता ४० नेच भागायचं, ५५ ने नाही. १२ भागिले ४० म्हणजे ०.३, गुणिले ४०० म्हणजे १२०. खरं ९९, आलेलं १२०.

थोडं थांबून बघा इथे काय झालं. त्या पुंजक्यातला कुठलाही चौकोन लागला असता, ३१ चा काय किंवा २ चा काय, उत्तर १२०च आलं असतं. आधी जे २० ते ३१० असं हेलकावत होतं ते हेलकावणं बंद झालं. पुंजक्याच्या आत कुठे चिठ्ठी पडली याला आता महत्त्व राहिलं नाही, पुंजका लागला की नाही एवढंच उरलं. या पद्धतीची ताकद जी आहे ती एवढीच आहे, आणि पुंजक्यातले चौकोन एकमेकांपासून जितके वेगळे तितका तिचा फायदा जास्त. सगळ्या सहा चौकोनांत १२-१२ शेवळं असती तर शेजारी जाऊन अंदाजात काडीचाही फरक पडला नसता.

कडेच्या १० चौकोनांचं काय? हिशोबात त्यांना जागा नाही. प्राजक्ताला हे फार लागलं, "एवढं चालून जायचं आणि वापरायचंच नाही?" पण कडेचा चौकोन हिशोबात येण्याची शक्यता आपल्याला काढता येत नाही, कारण तो दुसऱ्या कुठल्या पुंजक्याच्याही कडेला असू शकतो आणि ते आपल्याला दिसलेलं नसतं. तोच चौकोन सुरुवातीच्या ४० मधे चिठ्ठीने आला असेल तर मात्र तो शून्य म्हणून मोजायचा. म्हणून फील्डशीटवर प्रत्येक चौकोनापुढे तो चिठ्ठीने आला, नेटवर्कमधून आला की कडेचा आहे हे लिहिणं भाग आहे, नंतर घरी बसून आठवणीतून हे लावता येत नाही. कडेच्या चौकोनांतली माहिती थोडीफार वापरून अंदाज सुधारायची वाट थॉम्पसन यांनीच दाखवलीय, तिच्या मुळाशी आपल्या सी. आर. राव यांच्या नावाचा राव-ब्लॅकवेल सिद्धांत आहे, पण ते गणित हाताने करण्यासारखं नाही.

आता समजा चिठ्ठीत त्याच पुंजक्यातले दोन चौकोन लागले असते. मग १२ दोनदा लिहायचे आणि अंदाज २४० होणार, शेवळं तीच ७२ मोजलेली असताना. हे खटकतं ना? याला दुसरा उपाय आहे, हॉरविट्झ-थॉम्पसन नावाचा अंदाज, यातले थॉम्पसन मात्र दुसरे. तिथे नेटवर्क कितीदा लागलं ते बघतच नाहीत, लागलं की एकदाच धरायचं, आणि त्यातल्या झाडांना ते नेटवर्क लागण्याच्या शक्यतेने भागायचं. सहा चौकोनांच्या नेटवर्कमधला निदान एक चौकोन ४० च्या चिठ्ठीत येण्याची शक्यता आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधे एका ओळीत निघते:

```
1 - choose(394, 40) / choose(400, 40)
```

उत्तर ०.४७. म्हणून ७२ भागिले ०.४७ म्हणजे साधारण १५३. आमच्या या एका चिठ्ठीत हा आकडा १२० पेक्षा खऱ्यापासून लांब आहे हे खरं, पण एका चिठ्ठीवरून पद्धतीची किंमत करायची नसते. कागदी जंगल आपलंच असल्यामुळे ४० चौकोनांच्या सगळ्या शक्य चिठ्ठ्या धरून स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज खऱ्या संख्येपासून साधारण किती इकडेतिकडे जातो ते, काढता येतो. नेटवर्क सरासरीच्या पद्धतीचा तो ९७ आला आणि हॉरविट्झ-थॉम्पसनचा ८६. साध्या रँडमचा ४० चौकोनांना १२४. पण ही तुलना साध्या रँडमवर अन्याय करते, कारण अडॅप्टिव्हमधे आपण जास्त चौकोन फिरतो. या जंगलात शेजारचे धरून सरासरी ४९ चौकोन होतात. तेवढेच ४९ साध्या रँडमला दिले तर त्याचा एरर १११ वर येतो. म्हणजे फायदा आहे, बऱ्यापैकी आहे, पण चमत्कार नाही.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खऱ्या सर्व्हेत आपल्याला सगळ्या चिठ्ठ्या दिसत नाहीत, हातातल्या एका नमुन्यावरूनच एरर काढावा लागतो. आमच्या त्या नमुन्यावरून साधा रँडम सांगतो "२०, एरर १९". अडॅप्टिव्ह सांगतं "१२०, एरर ११४". वरवर बघणारा म्हणेल पहिलं उत्तर किती नेमकं आहे! आणि खरी संख्या ९९, जी पहिल्या उत्तराच्या दुप्पट एररच्याही बाहेर आहे. कारण नमुन्यात मोठे चौकोन आलेच नाहीत, तर ते आहेत हे त्या हिशोबाला कळणार कुठून? अडॅप्टिव्हला ३१ चा चौकोन दिसलाय म्हणून ते प्रामाणिकपणे सांगतं की इथे आकडे फार उड्या मारतात, माझ्यावर फार विसंबू नका. तुरळक आणि पुंजक्यांनी असलेल्या झाडाचा छोटा एरर दिसला की मी आधी विचारतो, पुंजका लागला होता का.

आणि याची मर्यादा पण इथेच दिसते. पहिला चौकोन लागणं अजूनही नशिबावरच आहे. ती ३४ टक्के शक्यता, एकही न लागण्याची, ती अडॅप्टिव्हमधेही तेवढीच आहे, कारण शेजारी जायला आधी काहीतरी सापडावं लागतं. ती कमी करायची तर सुरुवातीचे चौकोनच वाढवायला हवेत. ६० केले तर ती १९ टक्क्यांवर येते. किंवा उताराचे आधीच भाग पाडायचे, ओलसर सावलीचा भाग वेगळा आणि उघडा खडकाळ भाग वेगळा, आणि जिथे शेवळं असायची शक्यता तिथे जास्त चिठ्ठ्या टाकायच्या, हिशोब मात्र भागवार करायचा.

जंगलात बिघडतं ते मात्र गणितात नाही, पायात आणि डोळ्यात. संध्याकाळ होत आली, बिबट्याचा वावर असलेला भाग, गार्ड म्हणतोय चला आता. नेटवर्क अर्धं झालंय, २, ३ आणि ११ चे चौकोन झालेत. तिथेच थांबून सरासरी काढली तर ५.३ येते आणि अंदाज १२० च्या जागी ५३. ज्या पुंजक्यात शेवळं जास्त तिथेच दमून थांबायची वेळ येते, आणि सुरुवात टोकाच्या कमी शेवळांच्या चौकोनातून झाली असेल तर अंदाज असा खाली ओढला जातो. असं अर्धं राहिलेलं नेटवर्क दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पूर्ण करायचं, नाहीतर अहवालात ते अपूर्ण आहे असं लिहायचं. शीट बघून हे ओळखता येतं: प्रत्येक भरलेल्या चौकोनाचे चारही शेजारी शीटवर असलेच पाहिजेत, एक जरी गायब असला तर नेटवर्क अर्धवट आहे.

दुसरा बिघाड उलट्या दिशेचा. चालता चालता लांबून शेवळं दिसली, जी ना चिठ्ठीत आहेत ना कुठल्या शेजारात, आणि कोणीतरी उत्साहाने तो चौकोन पण शीटवर चढवतं. नोंद करायची तर वेगळ्या पानावर करा, नकाशाला उपयोगी पडेल, पण अंदाजात ती घेतली की परत ५२४ च्या रस्त्याला लागलात.

अट किती कडक ठेवायची यावर आमचा बराच वाद झाला. प्राजक्ताला वाटत होतं "निदान ५ शेवळं" ठेवू, म्हणजे फार भटकावं लागणार नाही. कष्ट वाचतात हे खरं. पण मग आमचा २ चा चौकोन अट पूर्ण करत नाही, तिथून शेजारी जायचंच नाही, आणि ती चिठ्ठी परत २० वर अडकली असती. उलट शेवळं तुरळक पण सगळीकडे एक-एक अशी शिंपडलेली असतील तर "निदान एक" या अटीने नेटवर्क पसरत पसरत अख्खा उतार व्यापेल आणि सर्व्हे संपायचंच नाव घेणार नाही. त्या परिस्थितीत ही पद्धत वापरूच नये, साधं रँडम बरं. म्हणून अट ठरवायच्या आधी झाड खरंच पुंजक्याने आहे का हे त्या भागाची ओळख असलेल्या माणसाला विचारा, पाड्यावरच्या बायकांना शेवळं कुठे आणि कशी येतात हे कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट माहीत असतं.

मोजायची वेळ पण अटीचाच भाग आहे. कोंब असताना शेवळ ओळखू येतं, नंतर पान फुटलं की जंगली सुरणाच्या पानाशी गल्लत होऊ शकते, आणि आपण अटच "शेवळ आहे की नाही" अशी ठेवलीय, म्हणजे एका चुकीच्या ओळखीने चार रिकामे चौकोन वाढतात किंवा अख्खं नेटवर्क तुटतं. सगळे कोंब एकाच दिवशी वर येत नाहीत हाही प्रश्न आहेच. पहिल्या आठवड्यात रिकामा दिसलेला चौकोन पुढच्या आठवड्यात भरलेला असू शकतो, म्हणून एक नेटवर्क चालू केलं की ते लगोलग पूर्ण करायचं, आणि एकाच चौकोनाची दोन वेगळ्या आठवड्यांतली मोजणी एकत्र करायची नाही.

अर्जात शेवटी गेलं ते असं: ६० चौकोन, ओलसर भागात ४० आणि उघड्या भागात २०, अट निदान एक कोंब, चार शेजारी. ओलसर आणि उघड्या भागाची सीमा हीच नेटवर्कचीही सीमा, ती ओलांडून शेजारी जायचं नाही, म्हणजे दोन्ही भागांचा हिशोब स्वतंत्र राहतो. अंदाज हॉरविट्झ-थॉम्पसनने, सोबत नेटवर्क सरासरीचा आकडाही. आणि पुंजक्यांच्या नेमक्या जागा अहवालात छापायच्या नाहीत, कारण जूनमधे शेवळाला बाजारात चांगला भाव असतो आणि उद्यानातून काढायला बंदी आहे. जागा फक्त वन खात्याकडे द्यायच्या.